घराचा टीडीएस विकणाऱ्याच्या चुकीच्या पॅनवर गेला: 26QB ची दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची

पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना खरेदीदार एक टक्का कर कापतो, 26QB हे त्या कपातीचं चलान-विवरणपत्र भरतो आणि विषय संपला असं समजतो. विकणाऱ्याचा पॅन चुकलाय हे कळतं चार-सहा महिन्यांनी, विकणारा आपलं प्राप्तिकर विवरणपत्र भरायला बसतो तेव्हा. मग घाईघाईत तीन गोष्टी हमखास होतात. खरेदीदार योग्य पॅनवर पुन्हा पैसे भरतो, किंवा विकणारा स्वतःच ऑनलाइन तक्रारी टाकत बसतो, किंवा ज्याच्या पॅनवर रक्कम गेली तो ती बिनधास्त आपल्या विवरणपत्रात दाखवून परतावा घेतो. तिसरी चूक सर्वांत महागात पडते, कारण त्यानंतर सरळ दुरुस्तीही अडकते.

पुढचे टप्पे एकाच उदाहरणावर चालवले आहेत. घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, किंमत १ कोटी २० लाख. विकणारे पती-पत्नी, दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. घेणारा एकटा. करारनाम्याची नोंदणी १८ मार्च २०२५ रोजी झाली आणि पूर्ण रक्कम त्याच दिवशी दिली असं धरू. प्रत्येकाच्या वाट्याला ६० लाख, त्यावर एक टक्का म्हणजे ६०,००० रुपये. एक खरेदीदार आणि दोन विक्रेते म्हणून 26QB दोन भरायचे होते आणि ते मुदतीत भरलेही गेले. फक्त दोन्हींत पतीचाच पॅन पडला. पतीच्या 26AS मध्ये, म्हणजे त्याच्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या वार्षिक तपशिलात, १,२०,००० दिसतात, पत्नीच्या 26AS मध्ये काहीच नाही.

हा लेख कलम १९४-आयए खाली भरलेल्या 26QB पुरता आहे. नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

## टप्पा १: चूक नेमकी कोणती, ते आधी ठरवा

विकणाऱ्याने आपलं 26AS उघडावं आणि भाग ४ पाहावा. मालमत्ता विक्रीवर कापलेला कर विकणाऱ्याला तिथे दिसतो. खरेदीदाराने स्वतःच्या 26AS चा भाग ८ पाहावा. तिथे त्याने भरलेलं प्रत्येक 26QB पावती क्रमांकासह दिसतं आणि कर कुणाच्या नावावर जमा झाला तेही कळतं. दोन्ही बाजू समोर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुष्कळदा पॅन बरोबर असतो, चुकलेलं असतं आर्थिक वर्ष किंवा रक्कम, आणि लोक पॅनच्या मागे लागतात.

आता योग्य पॅन कोणता, हे कागदावरून पक्कं करा. आपल्याकडे नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनमध्ये करून देणाऱ्या पक्षकारांची माहिती सातव्या आणि करून घेणाऱ्यांची आठव्या कलमात असते, आणि नावापुढे पॅनही असतो. ती सूची आणि मूळ पॅन कार्ड शेजारी ठेवून दहाही अक्षरं जुळवा. पहिली पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी P, अविभक्त हिंदू कुटुंबासाठी H, भागीदारी संस्थेसाठी F आणि कंपनीसाठी C असतं. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. फ्लॅट कुटुंबाच्या नावावर होता आणि कर्त्याचा वैयक्तिक पॅन टाकला गेला, हा घोळ केवळ चौथ्या अक्षरावर नजर टाकली तरी पकडता येतो.

सूचीतच पॅन चुकला असेल तर तेही लक्षात ठेवा. अधिकाऱ्यापुढे तुम्ही तोच दस्त ठेवणार आहात, आणि त्यातला पॅन तुमच्या मागणीशी जुळला नाही तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

थांबा, हे आधी तपासा. ज्या पॅनवर रक्कम न्यायची आहे तो चालू आहे ना? आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेला पॅन दुरुस्तीत टाकला तर एक टक्क्याऐवजी वीस टक्के दराने कर काढून मागणी निघू शकते. पत्नीच्या हिश्श्यावर तो आकडा ६०,००० नसून १२ लाख होतो आणि मागणी येते खरेदीदारावर. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर `Verify PAN Status` आणि `Link Aadhaar Status` या दोन्ही ठिकाणी लॉगिन न करता ही स्थिती पाहता येते.

दोन प्रसंगांत हा लेख लागू पडत नाही. विक्रेता अनिवासी असेल तर 26QB भरणंच मुळात चूक होतं. तिथे कलम १९५, टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक, आणि वेगळं विवरणपत्र लागतं, पॅन बदलून भागत नाही. आणि खरेदीदाराने पूर्ण १ कोटी २० लाखांचं एकच 26QB पतीच्या नावे भरलं असेल, तर दुरुस्तीतून एकाची दोन विवरणपत्रं होत नाहीत. त्या स्थितीत टप्पा ६ मधला मार्ग पाहावा.

## टप्पा २: चुकीच्या पॅनधारकाला आधी थांबवा

दुरुस्ती खरेदीदार करतो, पण पहिलं पाऊल ज्याच्या पॅनवर रक्कम पडली त्याने उचलायचं असतं. आपल्या उदाहरणात पतीने विवरणपत्रात फक्त आपले ६०,००० दाखवायचे. 26AS मध्ये १,२०,००० दिसतात म्हणून तेवढे सगळे घेऊ नयेत. आधीच घेतले असतील तर सुधारित विवरणपत्र भरून आकडा कमी करावा. त्याची मुदत कर निर्धारण वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत असते.

असं का? दुरुस्ती झाली की पतीच्या खात्यातून ६०,००० निघून जातात. त्याने ते आधीच वापरले असतील तर त्याच्यावर व्याजासह मागणी निघते. आणि टीडीएस अधिकाऱ्याला दिसलं की कापलेल्या कराचं श्रेय अगोदरच वापरलं गेलंय, तर तो दुरुस्ती मान्य करायला कचरतो.

पतीच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्येही, ती जास्तीची विक्री दिसेल. त्या नोंदीवर `Information relates to other PAN/Year` असा अभिप्राय नोंदवता येतो. तो नोंदवावा, म्हणजे न केलेल्या ६० लाखांच्या विक्रीबद्दल विचारणा झाली तर उत्तर तयार असतं. मात्र या अभिप्रायाने 26AS बदलत नाही आणि रक्कम पत्नीकडे जात नाही. अनेक जण इथेच निर्धास्त होतात आणि पुढचे महिने वाया जातात.

सोबत पतीकडून साध्या कागदावर सही केलेलं ना-हरकत पत्र घ्या. त्यात पावती क्रमांक, रक्कम, "हे श्रेय मी घेतलेलं नाही आणि घेणार नाही" हे वाक्य, आणि ते पत्नीच्या पॅनवर नेण्यास हरकत नसल्याचं लिहिलेलं असावं.

रक्कम अनोळखी माणसाच्या पॅनवर गेली असेल तर असं पत्र मिळणार नाही. एका अक्षराची टंकचूक झाली आणि तो पॅन खरोखर कुणाचा तरी निघाला की हे होतं. त्या माणसाला शोधत फिरू नका. तुमची बाजू दस्त, सूची आणि बँकेच्या नोंदींवर उभी राहते आणि प्रकरण बहुतेक अधिकाऱ्याकडेच जातं.

## टप्पा ३: खरेदीदाराला लेखी कळवा

विकणाऱ्याला 26QB दुरुस्त करता येत नाही. ते विवरणपत्र खरेदीदाराचं आहे आणि ट्रेसेस या प्राप्तिकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावर त्याच्याच लॉगिनमधून बदलतं. त्यामुळे फोनवर "जरा बघा ना" म्हणण्यापेक्षा ईमेल करा, आणि त्यात खरेदीदाराला शोधावं लागेल असं काही शिल्लक ठेवू नका:

> "१८ मार्च २०२५ च्या करारनाम्यातील फ्लॅटसाठी तुम्ही दोन 26QB भरले आहेत. दुसऱ्यात, पावती क्रमांक ____, रक्कम रु. ६०,०००, विक्रेत्याचा पॅन माझ्याऐवजी माझ्या पतीचा पडला आहे. योग्य पॅन सोबतच्या पॅन कार्डच्या प्रतीत व सूची क्रमांक दोनमध्ये आहे. कृपया ट्रेसेसवर या एकाच विवरणपत्रात विक्रेत्याचा पॅन दुरुस्त करावा. रक्कम पुन्हा भरू नये. पतीचं ना-हरकत पत्र जोडलं आहे."

खरेदीदार आता ज्या इमारतीत राहतो तिथल्या सोसायटीच्या सचिवामार्फत निरोप पाठवणं वगैरे प्रकार टाळा. उद्या मागणीची नोटीस आली तर तुमच्या हातात तारीख असलेला ईमेल हवा.

टोकन किंवा हप्ते वेगवेगळ्या दिवशी दिले असतील तर प्रत्येक हप्त्याचं, प्रत्येक विक्रेत्यासाठी वेगळं 26QB असतं. पहिल्या वेळी चुकलेला पॅन पुढच्या प्रत्येक हप्त्यात तसाच उतरवला गेल्याची शक्यता दाट असते. सगळे पावती क्रमांक एकदम मागवा आणि ज्यात चूक आहे त्या प्रत्येकासाठी वेगळी दुरुस्ती मागा.

पुन्हा पैसे भरण्याचा मोह का आवरायचा. आपल्या उदाहरणात मार्चमधल्या कपातीची 26QB भरण्याची मुदत ३० एप्रिल २०२५ होती. खरेदीदाराने १० सप्टेंबरला पत्नीच्या पॅनवर नवं 26QB भरलं, तर १ मेपासून १३३ दिवसांचा उशीर धरला जातो. कलम २३४-ई प्रमाणे दिवसाला २०० रुपये, म्हणजे २६,६०० रुपये शुल्क. त्यावर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना. मार्च ते सप्टेंबर सात महिने धरले की ६,३०० रुपये. शिवाय आधीचे ६०,००० पतीच्या पॅनवर तसेच पडून. मूळ विवरणपत्र वेळेत भरलेलं असताना केवळ पॅन बदलला, तर हा उशीर मुळात उभाच राहत नाही.

## टप्पा ४: ट्रेसेसवर दुरुस्तीची विनंती

इथून पुढचं काम खरेदीदाराचं. ट्रेसेसवर त्याने करदाता म्हणून, म्हणजे `Taxpayer` या प्रकारात, नोंदणी केलेली असावी. टॅन लागत नाही, लॉगिन पॅनवरच होतं.

1. लॉगिन करून `Statements / Forms` मध्ये `Request for Correction` निवडा.
2. फॉर्मचा प्रकार 26QB, कर निर्धारण वर्ष (आपल्या उदाहरणात 2025-26), पावती क्रमांक आणि विक्रेत्याचा पॅन भरा.
3. विनंती पाठवा आणि मिळालेला विनंती क्रमांक लिहून ठेवा.

दुसऱ्या पायरीवर सर्वाधिक लोक अडकतात. इथे विक्रेत्याचा पॅन म्हणजे मूळ विवरणपत्रात भरलेला, चुकीचा पॅन टाकायचा. सवयीने योग्य पॅन टाकला की नोंद सापडत नाही, आणि संकेतस्थळ बंद आहे असं वाटून माणूस आठवडाभर वाट पाहतो. आपल्या उदाहरणात इथे पतीचा पॅन जातो. दोन्ही विवरणपत्रांवर तोच पॅन आहे, त्यामुळे कोणतं बदलायचं हे केवळ पावती क्रमांकावरून ठरतं. चुकून पहिलंच, पतीचं योग्य विवरणपत्र उघडलं तरी यंत्रणा तक्रार करणार नाही. रक्कम सारखी असल्याने निकालही सारखाच दिसेल, पण हिस्से किंवा हप्त्यांच्या तारखा वेगळ्या असतील तर नवा गोंधळ तयार होतो.

मग `Track Correction Request` मध्ये स्थिती पाहत राहा. ती `Available` झाली की विनंती उघडता येते. लगेच झाली नाही तर एक-दोन दिवस द्या, त्याच विवरणपत्रासाठी दुसरी विनंती टाकू नका.

विवरणपत्र उघडल्यावर फक्त विक्रेत्याचा पॅन बदला. पत्त्यात पिनकोड जुना दिसतोय, इमारतीच्या नावात एक मात्रा राहिली आहे, म्हणून तेही नीट करायला जाऊ नका. जितके रकाने बदलाल तितक्यांचं समर्थन द्यावं लागतं. जतन केल्यावर जुना आणि नवा तपशील शेजारी दिसतो. नव्या पॅनची दहाही अक्षरं तिथे मोठ्याने वाचून घ्या. दुरुस्तीत नवी टंकचूक झाली, तर ती दुरुस्त करायला हा सगळा फेरा पुन्हा.

## टप्पा ५: मान्यता आणि अधिकाऱ्याकडची फेरी

सादर करताना पडताळणी मागितली जाते. डिजिटल सही नोंदवलेली असेल तर ती, नाहीतर स्क्रीनवर दिसेल तो ई-पडताळणीचा पर्याय. पॅन बदलणं हा मोठा बदल मानला जात असल्याने दुसऱ्या पक्षाची संमती किंवा टीडीएस अधिकाऱ्याची मान्यता लागू शकते. विनंतीची स्थिती काय म्हणते ते शब्द न् शब्द वाचा. संमती विक्रेत्याकडे प्रलंबित दिसत असेल तर विक्रेत्यालाही आपल्या ट्रेसेस लॉगिनमधून ती द्यावी लागते. हे त्याला कुणी सांगतच नाही, आणि दोन्ही पक्ष एकमेकांची वाट पाहत बसतात.

अधिकाऱ्याची मान्यता लागत असेल तर दुरुस्तीची पावती छापून घ्या आणि तिच्यासोबत हा संच तयार ठेवा:

- खरेदीदाराचा आणि दोन्ही विक्रेत्यांचा पॅन, स्वसाक्षांकित प्रती
- नोंदणीकृत करारनामा आणि सूची क्रमांक दोन
- दोन्ही 26QB आणि कर भरल्याच्या पावत्या
- पत्नीच्या खात्यात ५९,४०,००० रुपये गेल्याची बँकेची नोंद
- पतीचं ना-हरकत पत्र आणि एका पानात घटनाक्रम सांगणारा अर्ज

यातली बँकेची नोंद सर्वांत बोलकी. साठ लाखांतून साठ हजार वजा होऊन रक्कम पत्नीच्या खात्यात गेली, म्हणजे कर तिच्याच पैशातून कापला गेला, हे एका ओळीत सिद्ध होतं. सगळे पैसे पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात गेले असतील तर करारनाम्यातल्या हिश्श्याच्या वाक्यावर खूण करून द्या.

जायचं कुठे? आपलं विवरणपत्र ज्या वॉर्डात जातं तिथे नव्हे, टीडीएसचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, आणि तोही खरेदीदाराच्या अधिकारक्षेत्रातला. फ्लॅट ठाण्यात आहे म्हणून अधिकारी ठाण्याचाच असेल असं नाही. घेणारा तेव्हा नेरूळला किंवा पुण्याला राहत असेल तर अधिकारक्षेत्र वेगळं असू शकतं. पावतीवरचा किंवा विनंतीच्या तपशिलातला उल्लेख पाहून मगच निघा. नुकसानभरपाईचं बंधपत्र काही ठिकाणी मागतात, पण मागितल्यावरच करा, मजकूरही त्यांच्याकडूनच घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

## टप्पा ६: निकाल तपासा, आणि मुदत आधी आली तर

स्थिती `Processed` झाली म्हणजे लगेच पत्नीच्या 26AS मध्ये रक्कम दिसेल असं नाही, काही दिवस जातात. दिसली की खरेदीदाराने 16B, म्हणजे विक्रेत्याला द्यायचं कर कापल्याचं प्रमाणपत्र, नव्याने मागवावं. आता विनंती करताना विक्रेत्याचा पॅन योग्य, म्हणजे पत्नीचा टाकायचा. दुरुस्तीच्या विनंतीत चुकीचा आणि 16B च्या विनंतीत योग्य, हा उलटसुलट प्रकार लक्षात ठेवा. पतीच्या नावाचं जुनं दुसरं 16B आता निकामी आहे. दोन्ही नावांची प्रमाणपत्रं फाइलमध्ये पडून राहिली तर पुढे विवरणपत्र भरणारा चुकीचं उचलतो.

पत्नीने विवरणपत्रात हा कर दाखवताना कापणाऱ्याच्या टॅनच्या जागी खरेदीदाराचा पॅन येतो, तेवढं बघावं.

आता अडचणीचा भाग. दुरुस्ती प्रलंबित आहे आणि विवरणपत्राची शेवटची तारीख उंबरठ्यावर आली. दुरुस्तीसाठी विवरणपत्र थांबवू नका, उशिराचं शुल्क आणि व्याज वेगळं लागतं. पत्नीने भांडवली नफा पूर्ण दाखवावा आणि कापलेल्या कराचं श्रेयही मागावं. 26AS मध्ये तो नसल्याने कलम १४३(१) खाली श्रेय नाकारून मागणी येण्याची शक्यता आहे. आली तर ती अमान्य असल्याचं उत्तर नोंदवा, दुरुस्तीच्या विनंतीची प्रत आणि बँकेची नोंद हाताशी ठेवा, आणि 26AS सुधारल्यावर कलम १५४ खाली करश्रेय न जुळल्याच्या कारणाखाली फेरप्रक्रिया मागा. आदेश झाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत ते करता येतं. कापला गेलेला कर पुन्हा विक्रेत्याकडून वसूल करता येत नाही असं कलम २०५ सांगतं, आणि उत्तरात त्याचा उल्लेख जरूर करावा.

दुसरी वाट नियम ३७बीए(२) ची. पती आपल्या विवरणपत्रात ही नोंद दाखवतो, ती दुसऱ्या व्यक्तीची असल्याचं सांगतो आणि पत्नीचा पॅन देतो. पत्नी आपल्या विवरणपत्रात पतीचा पॅन देऊन तेच श्रेय घेते. दोघांचा आकडा रुपयापर्यंत एकच हवा आणि वर्षही एकच. नियमाप्रमाणे पतीने खरेदीदाराला तसं लेखी घोषणापत्र द्यायचं असतं, ते चुकवू नये. एकाच 26QB मध्ये सगळी रक्कम एका सहमालकाच्या नावे गेलेली असेल तिथे हीच वाट व्यवहार्य ठरते. पण दोन वेगळी 26QB असताना आणि खरेदीदार सहकार्य करत असताना सोय म्हणून ती धरू नका, कारण जुळणी यंत्रावर होते आणि एका बाजूने विवरणपत्र उशिरा भरलं तरी दुसरीकडे मागणी निघते. शिवाय अनोळखी माणसाच्या पॅनवर रक्कम गेली असेल तर ही वाट बंदच आहे. तिथे ट्रेसेसची दुरुस्ती आणि अधिकाऱ्याचा शिक्का, एवढंच हातात उरतं.